नंबर सातचा माणूस कुठे गेला?

रस्त्यावरच्या गर्दीचा व्हिडिओ चालू आहे. प्रत्येक माणसाभोवती एक रंगीत चौकट आणि चौकटीच्या डोक्यावर आकडा: ७, १२, ३१. माणूस चालेल तशी चौकटही त्याच्यामागे सरकते, असं पाहणाऱ्याला वाटतं. थोडा वेळ नीट पाहिलं की एक गंमत लक्षात येते. समोरासमोरून येणारी दोन माणसं एकमेकांना ओलांडतात, क्षणभर एक जण दुसऱ्याच्या आड जातो, आणि पुन्हा वेगळी होताना सात नंबर भलत्याच माणसाच्या डोक्यावर बसलेला असतो. चौकटी अगदी मापात आहेत, माणसंही दोनच आहेत, फक्त आकड्यांची अदलाबदल झाली आहे. या क्षेत्रातले लोक याला ‘आयडी स्विच’ म्हणतात.

हे का होतं ते समजायचं तर आधी चौकट सरकते हा समज सोडावा लागतो. ती सरकत नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ती सेकंदाला २५ वेळा नव्याने काढली जाते, आणि आधीची चौकट कुठे होती याची काढणाऱ्याला काही कल्पना नसते.

हे काढण्याचं काम डिटेक्टरचं. योलोसारखा डिटेक्टर एक फ्रेम घेतो, म्हणजे एक स्थिर फोटो, आणि त्यात जिथे जिथे माणूस वाटेल तिथली चौकट सांगतो: मध्यबिंदू कुठे, रुंदी किती, उंची किती. सोबत आपली खात्रीही ० ते १ मध्ये सांगतो. ०.९२ म्हणजे नक्की माणूस, ०.२ म्हणजे असेलही, खांबही असू शकेल. बस्स, इतकंच. पुढची फ्रेम आली की पाटी कोरी. प्रत्येक फोटो वेगळ्या माणसाच्या हाती द्यावा आणि कुणालाच दुसऱ्याचा फोटो दाखवू नये, तसा हा कारभार आहे. ‘इथे दोन माणसं आहेत’ हे प्रत्येक जण बिनचूक सांगेल. ‘हा मघाचाच का?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाच विचारता येणार नाही.

तो प्रश्न ट्रॅकरचा. सुटे फोटो आणि त्यातल्या सुट्या चौकटी त्याच्याकडे येतात आणि त्याने त्या माळेत ओवायच्या असतात. बहुतेक ट्रॅकर मूळ चित्राकडे पाहतच नाहीत किंवा फार थोडं पाहतात. चौकटींच्या आकड्यांवरच त्यांचं भागतं. २०१६ साली अ‍ॅलेक्स ब्यूली आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातून ‘सॉर्ट’ नावाचा असाच एक ट्रॅकर प्रसिद्ध केला. तो इतका साधा आणि वेगवान होता की पुढच्या कित्येक ट्रॅकरांनी त्याचाच सांगाडा वापरला. तो सांगाडा आपण एका उदाहरणावर चालवून पाहू. थोडी बेरीज-भागाकाराची तयारी ठेवा, कारण चूक नेमकी त्या आकडेमोडीतच घडते.

एका जागी घट्ट बसवलेला कॅमेरा, १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. सदू डावीकडून उजवीकडे चालला आहे, मधू उजवीकडून डावीकडे. सदू कॅमेऱ्याच्या बाजूने, मधू त्याच्या किंचित मागून. दोघांच्याही चौकटी ६० पिक्सेल रुंद आणि १६० उंच. या अंतरावर साधारण चालीचा माणूस दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे जातो असं धरू. १०० व्या फ्रेमला सदूच्या चौकटीचा मध्य ९०० वर आहे आणि मधूचा १०२० वर. म्हणजे ११२ व्या फ्रेमला दोघंही ९६० वर, एकाच रेषेत येणार.

नव्या फ्रेममधली चौकट जुन्या कुठल्या माणसाची हे ठरवायचं साधं माप म्हणजे दोन चौकटी एकमेकींवर किती बसतात ते. दोघींचा सामायिक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेली जागा. पूर्ण जुळल्या तर १, स्पर्शही नसेल तर ०. एका फ्रेममध्ये सदू ५ पिक्सेल सरकला की त्याच्या जुन्या आणि नव्या चौकटीचा ५५ पिक्सेलांचा भाग सामायिक राहतो आणि एकूण व्याप ६५ चा होतो, भागाकार ०.८५. मधूची चौकट त्या वेळी शंभरेक पिक्सेल लांब आहे, तिच्याशी जुळणी शून्य. गोंधळाला वाव नाही. मोकळ्या रस्त्यावर ट्रॅकिंग किती सोपं असतं ते इथेच दिसतं.

आता १०९ वी फ्रेम. सदू ९४५ वर, मधू ९७५ वर. मधूचं निम्मं अंग सदूच्या आड गेलं आहे. ११० पासून मधू निम्म्याहूनही कमी दिसतो, डिटेक्टरची त्याच्याबद्दलची खात्री घसरते आणि तो यादीतून गळतो. ११० ते ११४ अशा पाच फ्रेममध्ये एकच चौकट येते, सदूची. ११५ ला मधू पुन्हा निम्मा बाहेर आलेला असतो आणि दोन चौकटी मिळतात: एक ९७५ वर, एक ९४५ वर. हरवलेला काळ एक पंचमांश सेकंद. आपल्या डोळ्यांना तो जाणवतही नाही.

समजा आपला ट्रॅकर अगदी भोळा आहे: प्रत्येकाची शेवटची दिसलेली जागा लक्षात ठेवतो आणि नव्या चौकटी त्यांच्याशी जुळवतो. मधू शेवटचा दिसला ९७५ वर, म्हणून मधूची नोंद तिथेच गोठून बसली आहे. आणि सदू एकेक पाऊल टाकत त्याच जागेकडे येतो आहे. ११४ व्या फ्रेमला सदूची चौकट ९७० वर आली, तेव्हा तिच्यावर सदूच्या नोंदीचा दावा ०.८५ आणि मधूच्या गोठलेल्या नोंदीचाही ०.८५. बरोबरी! समजा तिथे नशिबाने निभावलं. ११५ ला काय होतं पाहा. ९७५ वरची चौकट सदूची आहे, पण मधूच्या नोंदीशी ती शंभर टक्के जुळते.

दोन नोंदी आणि दोन चौकटी असल्या की ट्रॅकर जोड्या एकेक करून लावत नाही. सगळ्या जोड्यांची मिळून बेरीज जास्तीत जास्त होईल अशी वाटणी शोधतो. ही पद्धत हॅरल्ड कुन या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ मध्ये मांडली. तिच्या पायाशी दोन हंगेरियन गणितज्ञांचं काम होतं म्हणून त्याने तिला ‘हंगेरियन पद्धत’ म्हटलं. खरी वाटणी केली तर सदूला ०.८५ आणि मधूला ०.३३, बेरीज १.१८. उलटी केली तर मधूच्या नोंदीला १.०० आणि सदूच्या नोंदीला ०.४१, बेरीज १.४१. गणिताने प्रामाणिकपणे मोठी बेरीज निवडली आणि सदूचा मधू झाला. डिटेक्टरने दिलेल्या दोन्ही चौकटी अचूक होत्या आणि जुळणीचं गणितही बरोबर होतं. चूक होती ती मधू अजून जागेवरच उभा आहे या समजुतीत.

म्हणून सॉर्ट अंदाज बांधतो. प्रत्येक नोंदीसोबत वेगही ठेवतो आणि माणूस दिसेनासा झाला तरी त्याला त्याच वेगाने पुढे चालवत राहतो. हे काम कालमन फिल्टर करतो. रुडॉल्फ कालमनने तो १९६० मध्ये मांडला आणि अपोलो यानांच्या दिशादर्शनातही तो वापरला गेला. दिसलेली जागा आणि अपेक्षित जागा यांचा वजनदार मेळ घालायचा, हे त्याचं सार. मधू १०९ ला ९७५ वर होता आणि दर फ्रेमला ५ पिक्सेल डावीकडे जात होता, म्हणजे ११५ ला तो ९४५ वर असायला हवा. खरंच तिथे चौकट आहे. सदूचा अंदाज ९७५, तिथेही चौकट आहे. दोघांची जुळणी पूर्ण, अदलाबदल टळली.

इथे एक तपशील सांगायला हवा. मूळ सॉर्टमध्ये न दिसलेली नोंद जवळजवळ लगेच पुसली जायची. एका फ्रेमपलीकडे वाट पाहणं नाही. तसं केलं तर पाच फ्रेमनंतर आलेल्या मधूला कोरा करकरीत नवा नंबर मिळतो. सात नंबरचा माणूस गायब आणि ४८ नंबरचा एक जण हवेतून अवतरला! मोजणीच्या नियमात हाही आयडी स्विचच धरतात, कारण एकाच माणसाचा नंबर मधेच बदलला. पुढच्या ट्रॅकरांनी वाट पाहण्याची मुदत वाढवली, साधारण ३० फ्रेमपर्यंत. मुदत वाढली की नव्या नंबरांचं पीक कमी होतं, पण हरवलेल्या माणसाची छाया पडद्यावर जास्त वेळ भटकत राहते आणि वाटेत भेटेल त्याची चौकट बळकावू शकते. ही मुदत किती ठेवावी याचं एकच उत्तर नाही. रिकाम्या गल्लीला लांब चालते, दादरच्या पुलावर चालणार नाही.

आता उदाहरण एका ठिकाणी बदलू. सदू आणि मधू ११२ व्या फ्रेमला ९६० वर भेटतात आणि ओलांडून न जाता तिथूनच आपापल्या वाटेने माघारी वळतात. (माणूस इतक्या झटक्यात वळत नाही हे मान्य, आकडे सोपे राहावेत म्हणून.) ११५ व्या फ्रेमला सदू परत ९४५ वर आणि मधू ९७५ वर.

या फ्रेमच्या चौकटी पाहा: एक ९४५ वर, एक ९७५ वर. पहिल्या गोष्टीतही याच होत्या. डिटेक्टरच्या दृष्टीने दोन्ही फ्रेममध्ये काडीचा फरक नाही, आणि खरी ओळख मात्र बरोबर उलटी आहे. डिटेक्शन कितीही सुधारलं तरी या एका फ्रेममधल्या चौकटींवरून कोण कोणता हे सांगता येणार नाही, कारण ती माहिती त्यांच्यात नाहीच.

मग मधल्या पाच फ्रेम काही सांगतात का? सांगतात. पुढे असलेला सदू दिसत राहतो आणि त्याची चौकट ९६० पर्यंत जाऊन ९५५, ९५० अशी मागे येते. पुरावा समोर आहे. पण कालमन फिल्टरला इतका वेळ उजवीकडे जाणाऱ्या माणसाचा वेग दोन फ्रेममध्ये उलटवणं जमत नाही; तो सदूला ९५७ च्या आसपास धरतो. मधूचं तर काहीच दिसलेलं नाही, म्हणून त्याची छाया ठरल्या वेगाने ९४५ वर पोचलेली आहे, जिथे आता प्रत्यक्षात सदू उभा आहे. खरी वाटणी: ०.६७ अधिक ०.३३, म्हणजे १.००. उलटी वाटणी: ०.५४ अधिक १.००, म्हणजे १.५४. पुन्हा अदलाबदल, आणि या वेळी गुन्हेगार तोच अंदाज आहे ज्याने मघाशी वाचवलं होतं.

या दुसऱ्या चुकीत एक खोच आहे. ट्रॅकरने काढलेल्या वाटा पडद्यावर रंगवल्या तर त्या सुरेख दिसतात: दोन जवळजवळ सरळ रेषा, एकमेकींना छेदून गेलेल्या. खऱ्या वाटा मात्र कोपऱ्यात वळलेल्या आहेत. पहिल्या, भोळ्या ट्रॅकरच्या चुकीत नेमकं उलट होतं: तिथे वाटेला अचानक कोन पडतो आणि पाहणाऱ्याला संशय येतो. तेव्हा ‘वाट गुळगुळीत आहे म्हणजे ट्रॅकिंग चांगलं’ ही समजूत ठेवू नये. व्हिडिओ मागे नेऊन, दोन चौकटी जिथे एकमेकींवर चढल्या तिथले कपडे आधी आणि नंतर ताडून पाहणं, हाच खात्रीचा मार्ग.

कपड्यांवरून आठवलं, ट्रॅकरला हे कपडे का दाखवू नयेत? दाखवतात. २०१७ च्या ‘डीपसॉर्ट’ने हेच केलं. प्रत्येक चौकटीतला चित्राचा तुकडा एका न्यूरल नेटवर्कमधून काढून त्याची १२८ आकड्यांची खूण बनवायची, आणि हरवलेला माणूस परत आला की खुणा जुळवायच्या. प्रमाण चाचणीत सॉर्टच्या १४२३ आयडी स्विचवरून संख्या ७८१ वर आली. सदूने लाल शर्ट आणि मधूने पांढरा घातला असेल तर वरच्या दोन्ही गोष्टी निभावतील.

पण ओलांडण्याच्या सुमारास मधूच्या चौकटीत काय असतं? १०९ व्या फ्रेमला तिच्यात निम्मा सदू असतो. त्या तुकड्यातून बनलेली खूण अर्धी लाल आहे, आणि ती मधूच्या नावावर जमा होते. म्हणजे खुणेची सर्वात जास्त गरज ज्या क्षणी, त्याच क्षणी ती सर्वात गढूळ. शिवाय सगळे सारखेच दिसत असतील तर खुणेचा उपयोग उरतोच किती? कबड्डीच्या एका संघाची जर्सी एक, ढोलताशा पथकाचे झब्बे एक, सिग्नलला उभ्या निम्म्या मोटारी पांढऱ्या. २०२२ मध्ये नर्तकांच्या व्हिडिओंचा ‘डान्सट्रॅक’ नावाचा संच मुद्दाम यासाठीच तयार झाला: वेश सारखे, हालचाल सतत उलटसुलट, एकमेकांच्या आड जाणं पावलोपावली. नर्तक मोठे आणि स्वच्छ दिसतात, त्यामुळे डिटेक्शन तिथे सोपं असतं. तरी त्या काळचे नामांकित ट्रॅकर ओळख टिकवताना तिथे गडगडले. आपल्या लेझीम पथकाचं चित्रण दिलं असतं तरी वेगळं घडलं नसतं.

काही उपाय डिटेक्टरच्या बाजूने आले. मघाशी ११० ते ११४ मध्ये मधू ‘गळला’ असं म्हटलं. खरं तर डिटेक्टरला तो अंधुकसा दिसला असेल, खात्री ०.३ वगैरे. ०.५-०.६ च्या खालचं सगळं फेकायचं असा रिवाज असल्याने ती चौकट टाकून दिली गेली. ‘बाइटट्रॅक’ या ट्रॅकरने ती फेकायचं नाकारलं. आधी ठाम चौकटी जुळवायच्या, मग उरलेल्या नोंदींसाठी अंधुक चौकटींची दुसरी फेरी घ्यायची. खांब किंवा सावली असेल तर ती कुठल्याच जुन्या नोंदीशी जुळणार नाही, अर्धा झाकलेला मधू मात्र जुळेल. मला ही यातली सर्वात शहाणी कल्पना वाटते, कारण तिने नवं यंत्र न आणता टाकून दिलेला पुरावा परत टेबलावर ठेवला. ‘ओसी-सॉर्ट’ने दुसरी बाजू धरली: माणूस बराच वेळ दिसला नसेल तर आपल्या अंदाजावर फार विसंबू नका, आणि पहिल्या जुळणीत कुणाशीच न जुळलेल्या नोंदीला तिच्या शेवटच्या दिसलेल्या जागेवरून आणखी एक संधी द्या. पण पहिल्या गोष्टीत नेमकी शेवटची जागाच फसवत होती, हे विसरून चालणार नाही.

खर्च वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी दर दहावी फ्रेमच तपासतात. डिटेक्शनला त्याने काही बाधा येत नाही. प्रत्येक फोटोतली चौकट तितकीच अचूक. ट्रॅकिंगला मात्र घरघर लागते. दहा फ्रेममध्ये सदू ५० पिक्सेल पुढे जातो, ६० रुंदीच्या चौकटीचा फक्त १० पिक्सेल भाग सामायिक राहतो, आणि जुळणी ०.८५ वरून ०.०९ वर येते. ०.३ च्या खालची जुळणी ग्राह्य धरायची नाही असा नेहमीचा नियम लावला तर मोकळ्या रस्त्यावर एकटा चालणारा सदूसुद्धा दर वेळी नवा माणूस ठरेल. वेगाचा अंदाजही वाचवणार नाही, कारण तो बांधायला आधी दोन-तीन जुळण्या तरी व्हाव्या लागतात.

विक्रेत्याने दाखवलेल्या टक्केवारीकडे पाहताना हे सगळं लक्षात ठेवावं. बरीच वर्षं ‘मोटा’ हे माप चालत आलं आहे. न सापडलेल्या चौकटी, खोट्या चौकटी आणि आयडी स्विच यांची बेरीज करायची, तिला खऱ्या चौकटींच्या एकूण संख्येने भागायचं आणि एकातून वजा करायचं. आपली दहा सेकंदांची क्लिप घ्या: २५० फ्रेम, दोन माणसं, ५०० चौकटी. पाच निसटल्या, दोन स्विच झाले. सातला ५०० ने भागून वजा केलं की ९८.६ टक्के. वा! पण ११५ व्या फ्रेमपासून शेवटपर्यंत सदूच्या नावावर मधूचं चालणं जमा होत होतं. प्रत्येक नंबर शेवटपर्यंत एकाच माणसाचा होता का, असं विचारणारं ‘आयडीएफ-१’ हे माप लावलं तर त्याच क्लिपला सुमारे ५५ टक्के मिळतात. मोटा स्विचला एका फ्रेमपुरतं शिक्षा करतो, आयडीएफ-१ त्यानंतरच्या प्रत्येक फ्रेमसाठी.

तरी प्रत्येक कामाला ओळख लागतेच असं नाही. सभागृहात या क्षणी किती लोक आहेत एवढंच हवं असेल तर डिटेक्शन पुरे. ट्रॅकर लावून उगाच नव्या चुका विकत घेऊ नयेत. दिवसभरात नाक्यावरून किती गाड्या गेल्या हे रेषा ओलांडण्यावरून मोजायचं असेल तर दोन गाड्यांचे नंबर आपसात बदलले तरी बेरीज तीच राहते, पण एकाच गाडीला रेषेच्या आसपास नवा नंबर मिळाला तर ती दोनदा मोजली जाऊ शकते किंवा निसटू शकते. दुकानात कोण किती वेळ थांबलं, खेळाडू किती किलोमीटर धावला, हे विचारलं की मात्र अदलाबदल थेट उत्तरात शिरते: बचावपटूच्या खात्यावर आघाडीच्या खेळाडूची धाव. फुटबॉलच्या मैदानात म्हणूनच जर्सीवरचा आकडा वाचतात, अनेक कोनांतून कॅमेरे लावतात, आणि त्यानंतरही गोलपोस्टसमोर दहाजणांचा गठ्ठा फुटला की पडद्यासमोर बसलेला माणूस कोणती चौकट कुणाची ते हाताने दुरुस्त करतो.